26 लेक्चर, 61 घटक आणि एक जुनी कमांड: सात महिन्यांनंतर

सीडीचं, म्हणजे दोन सरासऱ्यांतला फरक खरा मानायला किती मोठा हवा त्या क्रिटिकल डिफरन्सचं, सूत्र मला पाठ होतं. परीक्षेत मात्र मी त्यातलं दोनचं वर्गमूळ विसरले, म्हणजे √2 गाळला, आणि एक अख्खं उदाहरण उलटं सोडवून आले. तो √2 तिथं का आहे हेच माहीत नव्हतं, म्हणून गळला तरी खटकलं नाही. घरी मानवतला जाताना बसमध्ये तेच डोक्यात. त्याच आठवड्यात हे काम हाती घेतलं.

आमच्या कॉलेजातल्या सरांची कृषी सांख्यिकीची 26 लेक्चर रेकॉर्ड केलेली आहेत. शिकवणं मनापासून, पण क्रम त्यांच्या मनाचा. प्रक्षेत्रावर पेरणी झाली की पोरांना प्लॉटची आखणी कळायला पाहिजे, म्हणून आरबीडी, म्हणजे रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, सातव्या लेक्चरला येतं आणि त्याचा पाया चौदाव्या-सतराव्याला. वर्गात ते चाललं. नंतर एकट्यानं ऐकताना चालत नाही. मी या लेक्चरच्या ट्रान्सक्रिप्ट काढल्या, त्यातले घटक वेगळे केले, आणि 'कशाआधी काय यायला हवं' या क्रमानं परत बांधून त्याचं गाईड केलं. क्रम लावायला लिनक्समधली `tsort` नावाची जुनी कमांड वापरली. सात महिने झाले. जमलं ते आणि फसलं ते, दोन्ही लिहिते.

ट्रान्सक्रिप्टबद्दल आधी थोडं. सर निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी बोलतात, त्यामुळे मशीननं काढलेल्या मजकुरात 'सीडी'चं 'सिटी' झालेलं आणि 'नल हायपोथेसिस'चा सगळीकडे 'नळ'. हे शोधा-बदलात तासाभरात निस्तरतं. खरी अडचण फळ्याची. सर म्हणतात, "हे इथनं काढलं की इथं येतं," आणि कागदावर तेवढंच उरतं. त्यामुळे प्रत्येक परिच्छेदापुढे मिनिट-सेकंद ठेवाच. मी पहिल्या चार लेक्चरचे वेळेचे आकडे पसारा वाटला म्हणून पुसून टाकले आणि ते काम पुन्हा करावं लागलं.

घटक वेगळे करताना मी सुरुवातीला एक लेक्चर म्हणजे एक घटक धरला. तिथं आठवडा गेला. नंतर एक वही केली आणि दोनच रकाने पाडले: शब्द पहिल्यांदा वापरला कुठं, आणि समजावला कुठं. 'डिग्रीज ऑफ फ्रीडम' वापरला चौथ्या लेक्चरला, समजावला चौदाव्याला. 'स्टँडर्ड एरर' वापरला नवव्याला, समजावला सतराव्याला. दोन रकान्यांत अंतर दिसलं की तिथंच आपण कधीतरी अडखळलेलो असतो.

सरांच्या बोलण्यातूनच आणखी एक खूण सापडली. कुठलाही शिक्षक उसनं घेताना सांगून घेतो. "हे तुम्ही मागं बघितलंय", "एवढं सध्या मानून चला", "हे पुढं येईलच" ही वाक्यं मी सगळ्या ट्रान्सक्रिप्टमधून शोधली.

```
grep -n -E "मानून चला|पुढं येईल|मागं बघितल" L*.txt
```

पन्नासेक ओळी निघाल्या. बहुतेक प्रत्येक ओळ एक जोडी देऊन गेली: हा घटक त्या घटकावर उभा आहे. मात्र "मागं बघितलंय" वर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तीन ठिकाणी मागं काहीच बघितलेलं नव्हतं.

आता जोड्या कशा ठरवायच्या. मी एकच प्रश्न विचारते: आधीचा घटक अजिबात येत नसेल तर पुढच्याचं उदाहरण सोडवून त्यातली प्रत्येक पायरी का केली हे सांगता येईल का? सांगता येत असेल तर जोडी नाही, मग सरांनी ते कुठल्याही क्रमानं सांगितलेलं असो. सीडीवरच करून दाखवते.

समजा सोयाबीनच्या 5 वाणांची चाचणी आहे, 4 रेप्लिकेशन. अनोव्हाच्या तक्त्यातून एरर मीन स्क्वेअर 2.56 आला. एका वाणाच्या सरासरीचा स्टँडर्ड एरर म्हणजे 2.56 ला 4 नं भागून वर्गमूळ, 0.8. पण आपण एक सरासरी तपासत नाही, दोन वाणांतला फरक तपासतो. दोन्ही सरासऱ्यांत आपापली चूक असते, आणि वजाबाकी केली तरी व्हेरियन्सची बेरीजच होते. म्हणून 0.64 अधिक 0.64, त्याचं वर्गमूळ 1.13. हाच तो √2. एररच्या डिग्रीज ऑफ फ्रीडम 4 गुणिले 3 म्हणजे 12, पाच टक्क्यांना टी-तक्त्यात 2.179. गुणाकार केला की सीडी 2.47 क्विंटल प्रति हेक्टर. एक वाण 22.4 आणि दुसरं 20.3 असेल तर फरक 2.1, सीडीपेक्षा कमी, म्हणजे दोन्ही 'ॲट पार', बरोबरीचे. √2 गाळला की सीडी 1.74 येते आणि तोच फरक 'सिग्निफिकंट' होऊन बसतो. मी परीक्षेत नेमकी हीच चूक करून एका वाणाला फुकट जिंकवलं होतं.

या उदाहरणातून जोड्या अशा निघाल्या:

```
व्हेरियन्स सरासरीचा_एरर
सरासरीचा_एरर फरकाचा_एरर
व्हेरियन्सची_बेरीज फरकाचा_एरर
फरकाचा_एरर सीडी
डिग्रीज_ऑफ_फ्रीडम टी_तक्ता
टी_तक्ता सीडी
```

डावीकडचं आधी, उजवीकडचं नंतर. नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून अधोरेषा. `tsort jodya.txt` म्हटलं की एकाखाली एक क्रम मिळतो. 'व्हेरियन्सची_बेरीज' हा घटक 26 लेक्चरमध्ये फक्त बाविसाव्यात, एका वाक्यात, तेही जाता जाता आलाय. सीडी नवव्यात. माझं कोडं तिथं सुटलं.

एकूण 61 घटक आणि 88 जोड्या झाल्या. पहिल्यांदा कमांड चालवली तेव्हा क्रम धड आलाच नाही, वर हे आलं:

```
tsort: jodya.txt: input contains a loop:
tsort: अनोव्हा
tsort: एफ_कसोटी
```

मी एका ठिकाणी लिहिलं होतं की अनोव्हाला एफ कसोटी लागते, आणि दुसरीकडे, एफ कसोटीला अनोव्हा. दोन्ही बरोबरच वाटत होतं. असं चक्र सापडलं की माझ्या अनुभवात घटक फार जाडा घेतलेला असतो. एक जोडी खोडून मोकळं व्हायचा मोह होतो, तो आवरायचा. अनोव्हाचे तुकडे केले: एकूण वर्गबेरजेची वाटणी, मग मीन स्क्वेअर, मग दोन मीन स्क्वेअरचं गुणोत्तर म्हणजे एफ, आणि शेवटी तक्ता पाहून निर्णय. पहिले दोन एफच्या आधी, शेवटचा एफच्या नंतर. चक्र गेलं, आणि सरांनी दोन तास एकत्र का शिकवलं होतं तेही कळलं.

कमांडची मर्यादाही सांगते. ती चालणारा *एक* क्रम देते, वाचायला सोयीचा देईलच असं नाही. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही ते घटक ती कुठंही टाकते. माझ्या पहिल्या यादीत संभाव्यतेच्या मधोमध प्लॉटची बॉर्डर रांग येऊन बसली होती. नियमानं ते चूक नव्हतं, वाचायला मात्र विचित्र. त्यामुळे शेवटचा हात आपलाच. जोड्या न मोडता जवळचे घटक शेजारी आणून ठेवायचे. मला त्याला दोन संध्याकाळी लागल्या.

आणि जोड्या बरोबर आहेत का हे स्वतःला कळत नाही, कारण आपल्याला आता ते येत असतं. खोलीवर हिंगोलीची एक ज्युनियर आहे, तिला गाईड दिलं आणि सांगितलं, फक्त क्रमानं वाच, मागं-पुढं उडी मारायची नाही, अडलं की पेन्सिलीनं फुली. दुसऱ्याच दिवशी रात्री लाईट गेलेली, ती मोबाईलच्या उजेडात वही घेऊन आली.

"ताई, वर्गबेरजेच्या पानावर अडकून बसले मी. कळायलंच नाही."

"कुठलं? वाटणीचं?"

"तिथपर्यंत गेलेच कुठं! हे वाय आणि खाली आय, पुन्हा टिंब दिलंय. टिंब कशाचं गं?"

टिंब म्हणजे त्या जागेवरच्या सगळ्या किमतींची बेरीज केलेली. वाण 'आय', आणि टिंबाच्या जागी चारही रेप्लिकेशन मिळवलेली. सरांनी ते 26 लेक्चरमध्ये एकदाही सांगितलेलं नाही, फळ्यावर थेट लिहिलंय. आणि फळा ट्रान्सक्रिप्टमध्ये येत नाही, त्यामुळे माझ्या 'वापरला' रकान्यातसुद्धा ते चिन्ह नव्हतं. असे कुणीच न शिकवलेले सात घटक तिच्या फुल्यांमुळे सापडले. ते मी स्वतः लिहून गाईडच्या सुरुवातीला टाकले, एकेका पानाचे, उदाहरणासकट. खरं सांगायचं तर सगळ्या गाईडमध्ये तीच पानं जास्त मळलीत.

वेळेचा हिशेब: एका लेक्चरला सरासरी तीन तास. परीक्षा महिन्यावर आली असेल तर याच्या वाटेला जाऊ नका, जुने पेपर सोडवा. आणि विषय बघून करा. सांख्यिकीत यश आलं म्हणून मी कीटकशास्त्राची लेक्चरही घेतली. किडींचे गण, यजमान पिकं, नुकसानीचा प्रकार. मावा कळायला बोंडअळी आधी यावी लागत नाही. चाळीस घटकांत धड नऊ जोड्या निघेनात, आणि `tsort` नं जो क्रम दिला तो पत्ते पिसल्यासारखा. दोन दिवसांत बंद केलं. तिथं साधी पीकवार यादीच बरी.

सांख्यिकीत एक जागा अजून अडलीय. स्प्लिट प्लॉटला एरर दोन, मुख्य प्लॉटचा वेगळा आणि उपप्लॉटचा वेगळा. एकाच मुख्य प्लॉटमधली दोन खतं तपासायला उपप्लॉटचा एरर पुरतो. पण दोन वेगवेगळ्या मुख्य प्लॉटमधले वाण-खत जोड पडताळायचे तर दोन्ही एरर मिसळतात, आणि टीची किंमतही दोन टींची भारित सरासरी घ्यावी लागते. सर तेविसाव्या लेक्चरला, 41व्या मिनिटाला म्हणतात, "हे सूत्र असंच येतं, मानून चला." त्याच्या डावीकडे कुठले घटक लिहायचे ते मला अजून जमलेलं नाही. 57 नंबरचं पान सध्या कोरं आहे, वर फक्त पेन्सिलीनं 'L23, 41:10' लिहून ठेवलंय.