सिनियरची बजेट शीट, आठ महिने वापरून: बाविसाव्या ओळीचं दुखणं

डिप्लोमा फिल्म करणाऱ्या प्रत्येक बॅचकडे ही शीट कुठल्यातरी सिनियरच्या ड्राइव्हवरून येतेच, त्यामुळे तिच्यात काय काय आहे ते सांगत बसत नाही. आमची अठरा मिनिटांची फिल्म, वाईजवळच्या एका वाड्यात चार दिवसांचं शूट. शीटप्रमाणे खर्च १,८०,००० रुपये, त्यावर दहा टक्के राखीव म्हणजे १८,०००. एकूण १,९८,०००. घरून, मित्रांकडून आणि एका मामाकडून बरोबर तेवढेच गोळा केले आणि निर्धास्त झालो.

शूटच्या दोन दिवस आधी इक्विपमेंटवाल्याने फोनवर सहज विचारलं, "अटेंडंटचा बाटा रोज द्याल का शेवटी?" कॅमेऱ्याचा एक आणि लाइटची तीन अशी चार माणसं सामानाबरोबर येणार होती. बाटा म्हणजे त्यांचा रोजचा भत्ता, माणशी १,२०० रुपये, चार दिवसांचे १९,२००. मी म्हटलं, शीटमध्ये धरलंय. धरलं होतंच, मीच ओळ घातली होती. पण बेरजेच्या सेलवर क्लिक केल्यावर हे दिसलं:

```
=SUM(F6:F21)
```

बाटा होता बाविसाव्या ओळीत. मूळ यादी एकविसाव्या ओळीत संपत होती आणि मी तिच्याखाली नवीन ओळ घातली होती. मधे कुठे घातली असती तर सूत्राने ती आपोआप आत घेतली असती, शेवटच्या ओळीखाली घातली की घेत नाही. म्हणजे खरा खर्च १,९९,२००. राखीव सोडाच, कॅमेरा सुरू व्हायच्या आधीच आम्ही १,२०० रुपयांनी खड्ड्यात होतो. शीटमध्ये मात्र हिरव्या चौकटीत "राखीव १८,०००" असं दिमाखात लिहिलेलं. तो हिरवा रंग माझ्या अजून डोक्यात जातो.

त्या रात्री जनरेटर रद्द केला, ८,५०० वाचले. रात्रीचा अंगणातला सीन कंदिलावर आणि वाड्याच्या मीटरवर चालतील तेवढ्या दोन एलईडींवर उरकला. (परीक्षकांना तोच सीन सर्वांत आवडला. असो.)

तिथपर्यंत मी या शीटला एक स्टार दिला असता. तिसऱ्या दिवशी मत थोडं बदललं. पावसाने दुपार खाल्ली, बारा तासांची शिफ्ट संपली आणि लाइटची अर्धी शिफ्ट वाढवावी लागली: ३,५०० अधिक अठरा टक्के जीएसटी, ४,१३०. शीटमध्ये "ठरलेले" आणि "दिलेले" असे दोन वेगळे रकाने आहेत. त्यामुळे जनरेटरमधून किती उरलेत ते वाड्याच्या ओट्यावर बसून अर्ध्या मिनिटात कळलं, आणि मी हो म्हणालो. हे रकाने नसते तर शूट थांबवून घरी फोन लावला असता.

लोकेशनसाठी मात्र एकच ओळ आहे, "भाडे". वाड्याला मालक तीन. सही एका काकांची, दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ दारात. त्याला समजावण्यात सकाळचे दोन तास गेले. आता मी त्या ओळीशेजारी "सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नावं किती?" असा रकाना केलाय. शिवाय १०,००० अनामत. ती परत मिळते म्हणून शीट ती खर्चात धरत नाही, पण ते रोख खिशातून जातातच ना! आमचे तीन आठवडे अडकले होते.

संगीताचीही एकच ओळ, तिथे ५,००० असा कुणीतरी कधीतरी टाकलेला आकडा. आमच्या सीनमध्ये रेडिओवर बारा सेकंद एक जुनं गाणं वाजणार होतं. ध्वनिमुद्रण साठ वर्षांपेक्षा जुनं, त्यामुळे त्याचा हक्क संपलेला. इथे आम्ही खूश झालो. पण मग कळलं की शब्द आणि चाल यांची साठ वर्षं मोजतात ती गीतकार आणि संगीतकार यांच्या मृत्यूनंतर. ती संपायला बराच अवकाश होता. म्हणजे ओळी दोन हव्यात, "रेकॉर्डिंग" आणि "गीत-चाल". आणि "दहा सेकंदांपर्यंत चालतं" असं हॉस्टेलमध्ये जे छातीठोक सांगतात, तसा नियम कायद्यात नाही.

शेवटी मैत्रिणीच्या आजींनी त्यांच्या आईकडून शिकलेली जात्यावरची ओवी म्हटली. आम्हीच रेकॉर्ड केली, गाणाऱ्याचा हक्क असतो म्हणून त्यांची सही घेतली. आजींनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "यात पैसे मला मिळणार का द्यायचेत?" १,८०० ची साडी दिली.

शीट आता ज्युनियरला दिलीय. बाटा सातव्या ओळीत, कॅमेऱ्याच्या लगेच खाली. राखीवची चौकट पांढरी केलीय. त्याने परवा फोन करून विचारलं, "दादा, शेवटी एक ओळ वाढवली तर चालेल ना?"