माझ्याच मेसेजमधून तयार झालेली नोकरी

मी बडोद्याची, मांजलपुरात राहते. फार्मा कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासतात तिथे, चार वर्षं काम केलं आहे. गेल्या वर्षी नोकरी बदलायच्या प्रयत्नात माझे १८,८०० रुपये गेले आणि हातची नोकरीही गेली. पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते हे, की मला फसवणाऱ्या माणसाला लागणारी सगळी माहिती पहिल्याच मेसेजमध्ये मी स्वतः लिहून दिली होती. म्हणून तो मेसेजच आधी देते.

केमिस्ट लोकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहिरात आली होती: बडोदा, पादरा, हालोल इथे क्यूसी, क्यूए आणि प्रॉडक्शनच्या जागा, खाली कन्सल्टंटचा नंबर. मी हिंदीत लिहिलं, त्याचं मराठी असं: "नमस्कार सर. एम.एस्सी. केमिस्ट्री, क्यूसीत ४ वर्षं, एचपीएलसी आणि डिसोल्यूशनवर काम. सध्या पगार ३१,०००, अपेक्षा ३८,०००. घर मांजलपूरला, पादऱ्याच्या बाजूला मिळालं तर फार बरं. फक्त जनरल शिफ्ट जमेल, कारण आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा संध्याकाळी असतं. नोटीस ३० दिवसांची आहे, पण लवकरही येऊ शकेन. नोकरीची खूप गरज आहे." सोबत बायोडेटा जोडला. त्यावर जन्मतारीख, घरचा पत्ता, सध्याच्या कंपनीचं नाव, सगळं होतं.

मला तेव्हा हा मेसेज चांगला वाटला होता. कोणतं काम, कुठे, कधीपासून, हे सगळं एका ठिकाणी, म्हणजे समोरच्याला परत परत विचारावं लागणार नाही.

दोन दिवसांनी फोन आला. माणूस गुजराती-हिंदी मिसळून, अगदी नम्रपणे बोलत होता. "बेन, तमारा माटेज जगा छे," तुमच्यासाठीच जागा आहे, म्हणाला. पादऱ्याच्या बाजूची मोठी कंपनी, जनरल शिफ्ट, मांजलपूरहून कंपनीची बस, पगार ३८,५००. आईची चौकशीही केली. मी फोन ठेवला आणि आईला मिठी मारली.

आता मागे वळून पाहते तेव्हा कळतं की त्याने सांगितलेल्या एकाही गोष्टीचा उगम कंपनीत नव्हता. पादरा माझ्या मेसेजमध्ये होतं, शिफ्ट माझ्या मेसेजमध्ये होती, पगारात त्याने फक्त पाचशे रुपये वाढवले होते. या पट्ट्यात काम करणाऱ्या कोणालाही माहीत आहे की क्यूसी लॅब साधारण तीन शिफ्टमध्ये चालते आणि चार वर्षांच्या केमिस्टला कायमची जनरल शिफ्ट क्वचितच मिळते. मलाही माहीत होतं. ज्या गोष्टीवर खऱ्या कन्सल्टंटने मला पहिल्या मिनिटाला अडवलं असतं, तिथेच हा माणूस "हो" म्हणाला, आणि मला तेच ऐकायचं होतं.

मग फोनवर "टेक्निकल इंटरव्ह्यू" झाला, जेमतेम दहा मिनिटांचा. एचपीएलसीचं पूर्ण रूप विचारलं, बफर म्हणजे काय विचारलं. क्यूसीच्या मुलाखतीत हमखास विचारतात ते काहीच नाही. निकाल मर्यादेबाहेर आला तर तपास कसा करता, सिस्टिम सुटेबिलिटीत काय पाहता, ऑडिट ट्रेल कोण तपासतं, कोणतं सॉफ्टवेअर वापरता, यातला एकही प्रश्न नव्हता. मी समजले की माझा अनुभव बघून त्यांनी फार खोलात न जायचं ठरवलं असेल. कामाचे प्रश्न विचारायला समोर कामातला माणूसच नव्हता, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

पैसे तीन वेळा गेले. पहिले १,५०० नोंदणीचे, "पहिल्या पगारात परत" असं सांगून. ऑफर लेटर आल्यावर ४,८०० मेडिकल आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसाठी. शेवटी १२,५०० डिपॉझिट, लॅपटॉप आणि सेफ्टी शूजचं. प्रत्येक वेळी यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर नाव दिसलं ते एजन्सीचं नव्हतं, एका व्यक्तीचं होतं, आणि तिसऱ्या वेळी तर वेगळ्याच व्यक्तीचं. विचारल्यावर "अकाउंटवाल्या सरांचं खातं आहे" असं उत्तर आलं आणि मी बटण दाबलं.

ऑफर लेटरवर कंपनीचा लोगो होता, सही-शिक्का होता, रुजू होण्याची तारीखही होती, आणि ती तारीख माझ्या ३० दिवसांच्या नोटिशीनंतरच्या सोमवारची, कारण नोटीस किती हे मीच सांगितलं होतं. ईमेल ज्या पत्त्यावरून आला त्यात कंपनीच्या नावापुढे जोडरेघ देऊन `-careers` लावलं होतं. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटचा पत्ता तसा नाही, हे मी नंतर ताडून पाहिलं. पगाराचा तपशीलही नव्हता. बेसिक किती, घरभाडं भत्ता किती, पीएफ किती कापणार, काहीच नाही, नुसता ३८,५०० चा आकडा. चार वर्षं दर महिन्याला पगारपत्रक पाहणाऱ्या मला ते खटकायला हवं होतं.

ते पत्र हातात घेऊन मी सध्याच्या कंपनीत राजीनामा दिला. ही माझी सगळ्यात मोठी चूक. पैसे गेले ते गेले, पण कंपनीच्या एचआरशी एकदाही न बोलता राजीनामा द्यायला नको होता.

नवव्या दिवशी त्याचा मेसेज आला: पीएफ ट्रान्सफर करायचा आहे, यूएएन पाठवा, मोबाईलवर ओटीपी येईल तो सांगा. मी पीएफचा तो नंबर लिहीत होते, तेवढ्यात दादा आत आला. त्याने फोन हातातून काढून घेतला. "अगं, रुजू झाल्याशिवाय पीएफ कसला ट्रान्सफर करतायत? आणि ओटीपी त्यांना कशाला?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या स्कूटरवर आम्ही दोघं थेट त्या कंपनीच्या गेटवर गेलो. सिक्युरिटीच्या काकांनी पत्र पाहिलं आणि इंटरकॉमवर एचआरला फोन लावला. एचआरमधल्या बाई स्वतः गेटवर आल्या. पत्रावरचा रेफरन्स नंबर त्यांच्याकडे नव्हता, एजन्सीचं नावही त्यांनी ऐकलेलं नव्हतं. म्हणाल्या, "तुम्ही या महिन्यातल्या दुसऱ्या."

गेटवरूनच १९३० वर फोन केला, घरी येऊन cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. यूपीआयचे व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट जवळ होते, म्हणून लगेच काम झालं. पहिल्या दोन रकमा त्या खात्यातून केव्हाच पुढे गेल्या होत्या. १२,५०० आदल्या रात्री पाठवले होते, त्यातले ७,००० खात्यात सापडले आणि बँकेने रोखून धरले. ते मला अजून परत मिळालेले नाहीत. राजीनामा मागे घ्यायला गेले, पण माझ्या जागी माणूस ठरला होता. माझ्या सिनिअरने शब्द टाकून पाहिला, उपयोग झाला नाही.

अडीच महिने घरी बसले. मग एका मैत्रिणीने सयाजीगंजमधल्या एका कन्सल्टंट बाईंचं नाव सांगितलं. पहिल्या फोनपासूनच फरक कळला, म्हणून तो सविस्तर सांगते.

या वेळी मी मेसेज असा लिहिला: "क्यूसी केमिस्ट, ४ वर्षं, एचपीएलसी आणि डिसोल्यूशन. बडोदा आणि आसपास, कंपनीच्या बसच्या अंतरात. सध्या कुठे काम करत नाही. शिफ्टबद्दल प्रत्यक्ष बोलू. जागा असेल तर कामाचं स्वरूप पाठवा, मग बायोडेटा देते." आईचं नाव नाही, पगाराची अपेक्षा नाही, पत्ता नाही, "खूप गरज" नाही. नोकरी चालू असती तर "नोटीस ३० दिवस" एवढंच लिहिलं असतं. कन्सल्टंटला ते लागतंच, पण लवकर येऊ शकेन वगैरे त्याला तिथे लागत नाही.

बाईंनी उलट मलाच प्रश्न विचारले. मागची नोकरी का सोडली? गेल्या सहा महिन्यांत कोणकोणत्या कंपन्यांत अर्ज केला? एकाच कंपनीत दोन एजन्सींकडून नाव गेलं तर दोघींचा वाद होतो आणि उमेदवार मधल्यामध्ये बाद होतो, म्हणून हे विचारतात, असं त्यांनी समजावलं. जागा कंपनीच्या रोलवर की थर्ड पार्टी पेरोलवर, हे त्यांनी न विचारता सांगितलं, आणि थर्ड पार्टीत पीएफ एजन्सीच्या नावाने भरला जाईल हेही. जनरल शिफ्ट म्हटल्यावर त्या स्पष्ट बोलल्या: "ताई, नाही मिळणार. रोटेशन करावंच लागेल. मॅनेजरशी बोलून आठवड्यातले दोन दिवस बदलता येतील का ते बघू." पैशांचं विचारलं तर म्हणाल्या, कंपनी देते, बहुतेक वेळा एका महिन्याच्या पगाराएवढे. काही छोट्या एजन्सी उमेदवाराच्या पहिल्या पगारातूनही काही घेतात, हे मी इथल्या मुलांकडून ऐकलं आहे. पण ते रुजू झाल्यावर, पगार हातात पडल्यावर. नोंदणी, मेडिकल, डिपॉझिट अशी नावं देऊन आधी कोणी मागत असेल तर तिथेच थांबा.

ऑफर आल्यावर मी बाईंनी दिलेला नंबर वापरला नाही. कंपनीच्या वेबसाइटवरून बोर्ड नंबर काढला, एचआर मागितलं, पत्रावरचा रेफरन्स नंबर वाचून दाखवला. "हो, आमचंच आहे" ऐकल्यावर मगच होकार कळवला. आता मी नंदेसरीला जाते. शिफ्ट बदलत राहते, पगार ३३,५०० आहे. डायलिसिसच्या संध्याकाळी माझी दुसरी शिफ्ट असेल तर दादा आईला घेऊन जातो.

गेल्या आठवड्यात त्याच ग्रुपवर एका मुलीने स्वतःची ओळख टाकली होती. क्यूए, दोन वर्षं, वडिलांचं आजारपण, फक्त हालोल, उद्यापासून तयार. मी तिला वेगळा फोन केला आणि मेसेज काढून टाकायला सांगितलं. कोणाचा फोन आला का, विचारलं. आला होता. हालोलचीच जागा होती. पैसे अजून मागितले नव्हते.