रोज गाडीतून नेणाऱ्या सहकाऱ्याचे आभार: पेट्रोलचे पैसे, वस्तू की टोलचा पास?

पावसात स्कूटर घसरून माझा घोटा मोडला. जुलै ते नोव्हेंबर असे पाच महिने ऑफिसमधल्या एका ताईंनी मला कोथरूडहून हिंजवडीला नेलं-आणलं. पाय बरा झाल्यावर त्यांना काय द्यायचं, यावर मी बराच विचार केला. तुम्हीही त्याच विचारात असाल तर माझा हिशेब उपयोगी पडेल.

रक्कम ठरवताना बहुतेक जण सगळं अंतर धरतात आणि तिथेच चुकतात. आमचं जाऊन-येऊन अंतर रोज साधारण 36 किलोमीटर. 100 दिवसांचे झाले 3,600. लिटरला 15 किलोमीटर धरले तर 240 लिटर, म्हणजे 105 रुपयांच्या आसपासच्या भावाने पंचवीस हजार. निम्मे म्हटले तरी साडेबारा. एवढं दिलं तर घेणारी व्यक्ती संकोचते. पण ताई त्या रस्त्याने एरवीही जाणारच होत्या. माझ्यासाठी वाकडी वाट पडायची ती चांदणी चौकाकडे वळण्याआधी, दिवसाला तीन किलोमीटरची. त्या 300 किलोमीटरना 20 लिटर, म्हणजे एकवीसशे रुपये. त्यांचा रोजचा दहा मिनिटांचा वेळ पैशात धरता येत नाही, म्हणून आकडा थोडा वर न्यायचा. तीन ते चार हजार मला योग्य वाटले. सहकारी मुद्दाम दुसऱ्या बाजूने येत असेल तर मात्र हा आकडा पुरणार नाही. तेव्हा ते सगळं जादा अंतर धरावं.

पेट्रोलचे पैसे द्यायचे तर प्रवास चालू असतानाच, आणि तेही पहिल्याच आठवड्यात विचारून. मी दुसऱ्या महिन्यात पंपावर न विचारता दोन हजारांचं पेट्रोल भरलं. ताई काही बोलल्या नाहीत, पण वाकडपर्यंत गाडीत शांतता होती. शेवटी म्हणाल्या, "अगं, मी तशीही जातेच की. हे नको गं." मला फार वाईट वाटलं. शिवाय ठरावीक दर लावून रोज पैसे घेणं म्हणजे भाडं होतं. खासगी गाडीला त्याची परवानगी नसते, आणि अपघात झाला तर विमा कंपनी त्यावरून दावा अडवू शकते. दोघं मिळून गाडी वापरत असाल आणि इंधनाचा खर्च वाटून घ्यायचं आधीच ठरलं असेल, तर गोष्ट वेगळी.

साडी, घड्याळ यांसारखी वस्तू दिली की आवडीचा प्रश्न येतोच, आणि समोरच्याला परतफेड करावीशी वाटते. दिवाळीचा फराळ सोपा आहे, द्यावाच. पण पाच महिन्यांच्या मदतीची दखल तेवढ्याने पूर्ण होत नाही.

मला पटला तो फास्टॅगचा वार्षिक पास. तो सुरू झाला तेव्हा 3,000 रुपयांचा होता. वर्षभर किंवा 200 वेळा, जे आधी संपेल ते. ताईंचं माहेर कोल्हापूरला. वाटेत खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके लागतात, म्हणजे एका फेरीला जाऊन-येऊन आठ वेळा पास वापरला जातो. त्या दर महिन्याला जातात, तेव्हा वर्षात 96 वेळा. पास चांगला उपयोगी पडतो आणि रक्कमही प्रमाणात राहते. दोन अडचणी मात्र आहेत. हा पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर नाही. त्यामुळे मुंबईला ये-जा करणाऱ्याला त्याचा फायदा नाही. आणि तो गुपचूप काढता येत नाही, कारण ओटीपी गाडीमालकाच्या मोबाइलवर जातो. समोरची व्यक्ती फार प्रवास करत नसेल तर त्याऐवजी फास्टॅग रिचार्ज करा. त्यासाठी पैसे पाठवण्याच्या ॲपमध्ये टॅगची बँक निवडून गाडीचा नंबर टाकला की झालं. पैसे भरण्याआधी पडद्यावर मालकाचं नाव येतं, ते नीट पाहून घ्या.

वेळही महत्त्वाची. प्रवास चालू असताना भेट दिली तर पुढचे महिने नेणं त्यांना बंधनकारक वाटू शकतं, म्हणून मी शेवटच्या दिवसानंतरचा रविवार धरला. ताईंना आणि त्यांच्या घरच्यांना जेवायला बोलावलं, पुरणपोळी केली. जेवणानंतर म्हटलं, "ताई, मोबाइलवर एक ओटीपी येईल, तेवढा सांगा." आभार ऑफिसच्या ग्रुपवर मी मुद्दाम मानले नाहीत. एकदा सगळ्यांना कळलं की आणखी दोघं गाडीत जागा मागतात.

सोबत एक चिठ्ठी दिली. त्यात "खूप मदत केलीत" असं लिहायचं टाळलं. पावसात त्या मेडिकलच्या दुकानाशी आठ वाजून दहा मिनिटांनी थांबायच्या, आणि मी यायच्या आत पुढची सीट मागे सरकवून ठेवायच्या, माझा प्लास्टरचा पाय लांब करता यावा म्हणून. एवढंच लिहिलं. ताईंनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि पर्समध्ये ठेवली.