एकूण आकडा सुधारला आणि मी बोनस देत बसले: पेडण्यातल्या होमस्टेवाल्या बाईचा अनुभव

गेली वीस वर्षं मी एका पतसंस्थेत हिशेब सांभाळले. ही गोष्ट आधीच सांगते, कारण "शिकलेली बाई फसली कशी" हे मी गेल्या महिन्यात पुरेसं ऐकलंय. मला कुणी खोटा आकडा दाखवला नाही. प्रत्येक आकडा खरा होता, आणि तरीही माझे १,००,३०० रुपये गेले.

पेडणे तालुक्यात आमचा आठ खोल्यांचा होमस्टे आहे. ऑक्टोबरपासून फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिराती एका एजन्सीला दिल्या. महिन्याला फी १५,००० आणि जाहिरातीचे ४०,००० वेगळे. करारातलं कलम असं: एका चौकशीमागचा एकूण खर्च ऑक्टोबरच्या तुलनेत जितका उतरेल, त्यातल्या प्रत्येक पूर्ण १० टक्क्यांना ५,००० रुपये बोनस. मला ते रास्त वाटलं. काम केलं तर पैसे, यात वावगं काय?

ऑक्टोबरात ४०,००० खर्चून १३० चौकश्या आल्या, म्हणजे एकीला ३०८ रुपये. नोव्हेंबरात तेवढ्याच पैशात २२०, म्हणजे १८२ रुपये. जवळजवळ ४१ टक्के घट, चार टप्पे, २०,००० बोनस. डिसेंबरातही तसाच अहवाल, पुन्हा २०,०००. तीन महिन्यांची फी ४५,०००, बोनस ४०,०००, वर १८ टक्के जीएसटी. बेरीज वर दिलीच आहे.

आता ते क्षण, जे आठवले की रात्री झोप लागत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी इचलकरंजीच्या एका काकांची चौकशी आली, म्हणून मी फोन केला. ते म्हणाले, "अहो वहिनी, मी दर वर्षी येतोच की! तुमची जाहिरात दिवसातून दहादा समोर येते, म्हणून म्हटलं एकदाचं बटण दाबून टाकू." मी हसले आणि खोली लिहून ठेवली. त्याच वेळी रजिस्टर उघडायला हवं होतं. ऑक्टोबरात जाहिरातीतून २६ बुकिंगं झाली होती आणि त्यातली १७ माणसं पहिल्यांदा येणारी होती. नोव्हेंबरात २३ बुकिंगं झाली, नवी माणसं फक्त ४. चौकश्या दीडपटीहून जास्त आणि नवे पाहुणे चार! रजिस्टर माझ्याच हाताखाली होतं. पण सीझन सुरू झाला होता, नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, आणि अहवालावरचा हिरवा बाण मला बरा वाटत होता.

दुसरा क्षण आमच्या ओट्यावरचा. एजन्सीचा मुलगा लॅपटॉपवर अहवाल दाखवत होता. त्याचं बोट चुकून `Breakdown` वर पडलं आणि खाली ओळी उघडल्या. त्याने झटकन ते बंद केलं. मी विचारलं तर म्हणाला, "ते टेक्निकल आहे, ताई. तुम्ही टोटल बघा."

जानेवारीत भाची आली. ती पणजीत संख्याशास्त्र शिकते. तिने तो अहवाल बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "मावशी, ही चाळीस हजारांची विभागणी कुठेय?" विभागणी माझ्याकडे नव्हतीच. जाहिरातीचं खातं त्यांच्या नावावर होतं. (खातं तुमच्याच नावावर उघडा, त्यांना फक्त चालवायला द्या. हे आजच करा.) जानेवारीचं बिल देणार नाही म्हटलं, तेव्हा कुठे आतले आकडे मिळाले.

आमच्या जाहिराती दोन गटांना जात होत्या. एक गट आम्हाला न ओळखणाऱ्या नव्या लोकांचा. दुसरा ओळखीचा: वेबसाइटवर येऊन गेलेले, पेजवर लाइक केलेले आणि जुने पाहुणे, ज्यांचे १,१४० फोन नंबर मीच रजिस्टरमधून उतरवून दिले होते. ओळखीचा माणूस लवकर बटण दाबतो, म्हणून त्याची चौकशी नेहमीच स्वस्त पडते.

ऑक्टोबरात नव्या लोकांवर ३६,००० खर्च झाले आणि ९० चौकश्या आल्या, दर ४०० रुपये. ओळखीच्यांवर ४,००० खर्च, ४० चौकश्या, दर १०० रुपये. नोव्हेंबरात नव्यांवर फक्त १०,००० आणि २० चौकश्या, दर ५००. ओळखीच्यांवर ३०,००० आणि २०० चौकश्या, दर १५०. दोन्हीकडे दर वाढला, काम दोन्हीकडे बिघडलं, आणि एकूण दर मात्र ३०८ वरून १८२ वर आला!

मला ते पटेना. तेव्हा भाचीने मासळीचा हिशेब मांडला. इसवण ८०० रुपये किलो, बांगडा २००. आठ किलो इसवण आणि दोन किलो बांगडे घेतले तर सरासरी ६८० पडते. पुढच्या खेपेला इसवण ९०० झाली, बांगडा २५०. पण आपण दोन किलो इसवण आणि आठ किलो बांगडे घेतले, तर सरासरी ३८०. बाजार महागला आणि पिशवी स्वस्त झाली, कारण पिशवीत काय आहे तेच बदललं. याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ साली त्यावर लिहिलं होतं. म्हणजे या लोकांनी काही नवीन शोधलेलं नाही.

मग तिने खरी परीक्षा करून दाखवली. पैशांची विभागणी ऑक्टोबरचीच ठेवायची आणि दर नोव्हेंबरचे लावायचे. ३६,००० भागिले ५०० म्हणजे ७२, आणि ४,००० भागिले १५० म्हणजे साधारण २७. मिळून ९९ चौकश्या. ऑक्टोबरात १३० होत्या! एकीला ४०४ रुपये पडले असते आणि बोनस शून्य. कुणीही सरासरी दाखवली की हाच हिशेब करा, पाच मिनिटं लागतात.

पैसे स्वस्त गटाकडे वळवणं दर वेळी लबाडी नसते, हे मला मान्य आहे. तो गट मोठा असेल आणि त्यातून एरवी न येणारी माणसं येत असतील, तर वळवावेतच. आमचा गट जेमतेम नऊ हजारांचा. `Frequency` च्या रकान्यात १६ होते, म्हणजे महिन्यात एकेका माणसाला सरासरी सोळा वेळा तीच जाहिरात. लोक कंटाळले म्हणून दर चढला, आणि ज्यांनी बटण दाबलं त्यातले बरेच इचलकरंजीच्या काकांसारखे, एरवीही येणारे. त्यांच्यासाठी मी ३०,००० मोजले. नव्यांचा दर कदाचित सीझनच्या गर्दीने चढला असेल, तेवढा दोष मी त्यांना देत नाही. पण दोन्ही ओळी त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या.

तक्रार करायला गेले, तर पोलिसांत विचारलं, "आकडे खोटे आहेत का?" नाहीत. "सही तुमचीच ना?" माझीच. "मग फसवणूक कसली?" मी मासळीचा हिशेब कागदावर मांडून दिला. साहेबांनी कागद उलटा धरला आणि दुसऱ्या ठाण्यात जा म्हणाले. तिथे दीड तास बाकावर बसवलं आणि दिवाणी कोर्टाचा रस्ता दाखवला. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयात कारकुनाने फाइलही उघडली नाही: तुमचा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही. आठ खोल्या आहेत हो माझ्या, पंचतारांकित हॉटेल नाही! चादरी मी स्वतः धुते. वकिलाने नोटिशीचे ७,५०० घेतले. एजन्सीचं उत्तर एका ओळीचं आलं: "करारात एकूण खर्च असंच लिहिलं आहे."

तसंच लिहिलं आहे. म्हणून तुमच्या करारात "एकूण" हा शब्द दिसला तर खोडा आणि प्रत्येक गटाचा दर वेगळा लिहून घ्या. बोनस लावायचाच असेल तर पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याच्या बुकिंगवर लावा. जुन्या पाहुण्यांचे नंबर देऊ नका. मी ते १,१४० परत मागितले आहेत, अजून उत्तर नाही.