पैसे आधी की दारात: पावसाळ्यासकट आठ महिन्यांचा अनुभव

वस्तू चांगली निघाली, मापात बसली, वेळेत आली, तर पैसे आधी भरले होते की दारात मोजले याने काही फरक पडत नाही. फरक कळतो तो वस्तू परत करायची वेळ आली की. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाड्यांवर ही वेळ पावसाळ्यात जास्त येते. खोकं घाटातून भिजत येतं, डिलिव्हरीवाला तिठ्यावर थांबून फोन करतो, आणि परत न्यायला येणारा माणूस दोनदा तारीख पुढे ढकलतो. म्हणून हा अनुभव खरेदीपेक्षा परताव्याबद्दल जास्त आहे.

मोठ्या शॉपिंग अ‍ॅपवरचा एक मिक्सर घेऊ. किंमत ३,२०० रुपये. यूपीआयने आधी भरले तर १०० रुपये सूट, म्हणजे ३,१००. रोखीने घेतला तर वर १० रुपये हाताळणी शुल्क, म्हणजे ३,२१०. फरक ११० रुपयांचा. ऑर्डर सोमवारी दिली, खोकं शनिवारी आलं, चटणीच्या भांड्याला तडा निघाला. त्याच दिवशी फोटो जोडून परतीची विनंती केली आणि बुधवारी माणूस येऊन वस्तू घेऊन गेला.

इथपर्यंत दोन्ही मार्ग सारखेच आहेत, आणि हीच गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. परताव्याचे दिवस विनंती केल्यापासून मोजले जात नाहीत. काही विक्रेते वस्तू उचलताना बारकोड स्कॅन झाला की पैसे सोडतात. काही जण वस्तू गोदामात पोचून तपासून झाल्यावरच सोडतात, आणि कोकणातून गोदामापर्यंत जायला आठवडा सहज लागतो. परतीच्या पानावर ते लिहिलेलं असतं. विनंती करतानाच तेवढी ओळ वाचून घ्यावी, म्हणजे पुढचे दहा दिवस कस्टमर केअरला फोन लावत बसावं लागत नाही. वस्तू उचलताना त्या माणसाने समोर स्कॅन केलं का, आणि ‘वस्तू उचलली’ असा मेसेज आला का, हेही तो दारात असतानाच बघावं. तो निघून गेल्यावर मेसेज आला नाही, तर वस्तू हातातून गेलेली असते आणि आपल्याकडे पुरावा काहीच नसतो.

विक्रेत्याने पैसे सोडल्यानंतर मात्र वाटा वेगळ्या होतात. आधी भरलेले पैसे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने परत येतात. यूपीआयचे साधारण दोन ते चार कामाच्या दिवसांत खात्यात दिसतात, डेबिट कार्डाला आठवडाभर धरावा. क्रेडिट कार्डाचे पैसे हातात येत नाहीत, ते कार्डाच्या बाकीतून वजा होतात. तोवर बिल निघालं असेल तर ते पूर्ण भरावंच लागतं, नाहीतर परतावा येणार म्हणून थांबलेल्याला व्याज लागतं.

रोखीला परतीची वाट नसते, ती नव्याने बांधावी लागते. अ‍ॅप विचारतं: पैसे आमच्या वॉलेटमध्ये घेणार की बँक खात्यात? वॉलेटमध्ये लगेच जमा होतात, म्हणून घाईत तेच बटण दाबलं जातं. पण ते पैसे मग बहुधा त्याच अ‍ॅपवर खर्च करावे लागतात. गणपतीच्या तोंडावर हातात रोख हवी असेल तर ते आपल्या कामाचं नाही. बँक खातं निवडलं की खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड भरायचा, आणि खरी गडबड इथेच होते.

गेल्या काही वर्षांत बऱ्याच बँका एकमेकींत विलीन झाल्या. आपल्या भागात घरोघरी खाती असलेली विदर्भ कोकण ग्रामीण बँकही १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत गेली. घरात जुनं पासबुक असतं, त्यावरचा कोड बघून भरला जातो. विलीनीकरणानंतर कोड बदलला असेल आणि जुना बंद झाला असेल, तर पैसे जमा न होता विक्रेत्याकडे परत जातात आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. शाखेत विचारून आजचा कोड घ्यावा किंवा बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघावा. खाते क्रमांक तर दोनदा ताडून घ्यावा. एनईएफटीमध्ये पैसे क्रमांकावरून जमा होतात, नावावरून नाही. कोड चुकला तर पैसे बहुतेक वेळा परत येतात, पण क्रमांकाचा एक आकडा चुकून तो दुसऱ्या कोणाच्या खात्याशी जुळला तर ते परत मिळवणं फार कठीण.

‘बँकेची सुट्टी आहे म्हणून उशीर’ हे उत्तर ऐकून घेऊ नये. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. उशीर होतो तो विक्रेत्याने पैसे सोडायला. तेव्हा ‘परतावा केला’ असं कोणी सांगितलं की एकच गोष्ट मागावी, व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा असेल तर १२ आकडी, एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरांचा, कार्डाचा एआरएन २३ आकडी. क्रमांक मिळाला तर तो घेऊन बँकेत जाता येतं. देत नसतील तर पैसे अजून निघालेलेच नाहीत असं समजावं.

आता सुरक्षिततेकडे. रोखीने घेतलं म्हणजे आधी बघून मग पैसे दिले, असा समज पक्का आहे आणि तो चुकीचा आहे. साध्या कॅश ऑन डिलिव्हरीत पैसे दिल्याशिवाय खोकं उघडू देत नाहीत. ‘ओपन बॉक्स’ डिलिव्हरी ही वेगळी सोय आहे, ती ठरावीक वस्तूंना आणि ठरावीक पिनकोडलाच मिळते. रोखीत खरी ताकद आहे ती नाकारण्याची. खोकं ओलं आहे, कोपरा दबलाय, मूळ चिकटपट्टीवर दुसरी पट्टी मारली आहे, असं दिसलं की हात न लावता परत पाठवावं. पैसे गेलेलेच नसतात, त्यामुळे परताव्याचा प्रश्नच उरत नाही. प्रीपेड पार्सलही नाकारता येतं, पण मग ते उलट गोदामात पोचेपर्यंत पैसे अडकतात, आणि घाटात रस्ता बंद असेल तर त्यात आणखी दिवस जातात.

म्हणून नवख्या विक्रेत्याकडून काही घ्यायचं असेल, विशेषतः फोटो बघून मेसेजवर ठरवलेली साडी किंवा मखराचं सामान, तर सूट कितीही दाखवली तरी आधी पैसे देऊ नयेत. तिथे ‘प्रीपेड’ म्हणजे बहुतेक वेळा कोणाच्या तरी खासगी यूपीआय नंबरवर पाठवलेले पैसे असतात. ती ऑर्डर नसते, तिच्यामागे परताव्याची यंत्रणा नसते. ५०० च्या वस्तूवर ५० रुपये सूट मिळते, पण त्यासाठी ४५० पणाला लावलेले असतात. तसे पैसे देऊन बसला असाल आणि समोरचा गप्प झाला असेल, तर त्याची वाट बघू नका. लगेच १९३० ला फोन करा किंवा cybercrime.gov.in वर नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी नोंद झाली तरच ते गोठवता येतात.

रोखीची आणखी एक बाजू घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्रास देते. मुलगा मुंबईला, घरी आई-वडील, आणि दारात ६९९ चं पार्सल: ‘तुमच्या मुलाने मागवलंय.’ कोणी काही मागवलेलं नसतं. मुलाला फोन लावायला रेंज नसते आणि आई पैसे देऊन मोकळी होते. यावर उपाय साधा आहे. मागवलेल्या वस्तूचं नाव आणि रक्कम घरी आधी सांगून ठेवायची, आणि न सांगितलेलं पार्सल घ्यायचं नाही. वस्तू हातात येण्याआधी ओटीपी सांगायचा नाही, ‘ऑर्डर रद्द करायला ओटीपी द्या’ असं कोणी म्हणालं तरी नाही.

या दोन्हींच्या मधला मार्ग आठ महिन्यांत सगळ्यांत उपयोगी ठरला: ऑर्डर कॅश ऑन डिलिव्हरीची करायची आणि पैसे दारात क्यूआरवर द्यायचे. सूट मिळत नाही, हाताळणी शुल्क बहुधा लागतंच. पण नाकारायचा हक्क राहतो, सुट्ट्या पैशांची अडचण होत नाही, आणि व्यवहाराची नोंद आपल्या फोनमध्ये राहते. काही अ‍ॅप असे पैसे आलेल्या वाटेने परतही करतात, काही मात्र ते रोखीतच धरून खातं मागतात. क्यूआर त्या माणसाच्या हातातल्या कंपनीच्या यंत्रावरचा किंवा आपल्या अ‍ॅपमधल्या ऑर्डरवरचा असावा. स्कॅन केल्यावर कंपनीचं नाव दिसतं आणि रक्कम बहुधा आधीच भरलेली येते. त्याऐवजी एखाद्या माणसाचं नाव आलं आणि रक्कम आपल्याला टाकायला सांगितली, तर तो त्याचा खासगी क्यूआर आहे. त्यावर दिलेले पैसे ऑर्डरला लागत नाहीत, कंपनीच्या लेखी ऑर्डर बिनपैशाचीच राहते.

वाडीवर याची एकच अडचण आहे, ती रेंजची. आपल्या खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज येतो, पण त्याच्या यंत्रावर काही दिसत नाही, आणि तो पार्सल देत नाही. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा भरू नये. पाच-दहा मिनिटं थांबून यूपीआय अ‍ॅपमध्ये व्यवहाराची स्थिती बघावी. पैसे कापले गेले आणि दुकानदाराला पोचल्याची खात्री आली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे ते पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत, आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हा नियम अडकलेल्या व्यवहाराला आहे. वस्तू परत केल्यावरच्या परताव्याला तो लागत नाही, त्यासाठी विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जावं लागतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. तिथे काही हललं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

काही पिनकोडना वस्तू येते, पण परत न्यायला कोणी येत नाही. हे ऑर्डर देण्याआधी बघावं, आणि तसं असेल तर मोठी, जड किंवा काचेची वस्तू प्रीपेड घेऊ नये. घेतलीच असेल तर पोस्टाने स्वतः पाठवावी लागते. स्पीड पोस्टच करावं. काउंटरवर वजन झालं की पावतीचा फोटो तिथेच काढावा, कारण ती छपाई काही महिन्यांत पुसट होते. तिच्यावरचा १३ अक्षरी क्रमांक परतीच्या विनंतीत टाकावा आणि टपालखर्चाची रक्कमही त्याच दिवशी मागून ठेवावी. बरेच विक्रेते ती ठरावीक मर्यादेपर्यंत देतात, पण पावती जोडल्याशिवाय नाही.