आठवड्याच्या पन्नासच्या तिकिटाचा अनुभव: एका तिकिटामागे खरा तोटा किती?

परभणीत मोंढ्यात अडत दुकानावर हिशेब लिहितो. गेले कित्येक महिने आठवड्याला लॉटरीचं एक तिकीट घेतोय. लिहायला बसलो ते मागच्या आठवड्यातल्या भांडणामुळं. दोनशेचं बक्षीस लागलं, तिकीट घेऊन स्टॉलवर गेलो तर पोरगा म्हणतो, "काका, सुट्टे नाहीत, चार तिकिटं घेऊन टाका." म्हटलं, बाबा, मला माझे दोनशे दे. तो म्हणे, सगळे तिकिटंच नेतात. शेवटी दोनशेची नोट निघाली, पण गल्ल्यातून नाही, त्याच्या खिशातून. लॉटरीचं नाव घेत नाही, आकडेही हिशेबाला सोपे जावेत म्हणून गोल केलेत. तुमच्या तिकिटामागची बक्षिसांची यादी घ्या आणि आकडे तेवढे बदला.

दहा सिरीज, प्रत्येक सिरीजमध्ये 10000 ते 99999 म्हणजे 90 हजार नंबर. एकूण तिकिटं 9 लाख. पहिलं बक्षीस 50 लाख, एकच. दुसरं 10 हजार, 9 नंबरांना. सिरीज कोणतीही चालते, म्हणून 90 तिकिटांना. तिसरं एक हजार, शेवटच्या चार आकड्यांवर, असे 20 नंबर काढतात. चौथं दोनशे, शेवटच्या दोन आकड्यांवर, 5 नंबर.

हिशेब असा: बक्षिसाची रक्कम गुणिले ते लागण्याची शक्यता. पहिलं 50 लाख भागिले 9 लाख, म्हणजे तिकिटामागे 5.56 रुपये. दुसरं 90 तिकिटांना 10 हजार, म्हणजे 9 लाख रुपये 9 लाख तिकिटांवर, बरोबर 1 रुपया. तिसरं लागतं 500 तिकिटांत एकाला, म्हणून 2 रुपये. चौथं 20 त एकाला, म्हणून 10 रुपये. बेरीज 18.56. तिकीट 50 चं, तर तोटा 31.44.

सरकार किती नेतं, तेही पाहून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून लॉटरीवर 40 टक्के जीएसटी आहे, आधी 28 होता. तो छापील किमतीतच धरलेला असतो, म्हणजे 50 मधले 14.29 रुपये कर. तोट्याचा जवळपास निम्मा भाग सोडत निघायच्या आधीच गेलेला असतो.

आता त्या दोनशेच्या बक्षिसाकडं नीट पाहा, कारण सगळं गिऱ्हाईक त्याच्यावरच टिकून आहे. आमच्या दुकानातला एक हमाल म्हणायचा, वीसात एक लागतं ना, मग वीस घेतली की एक लागणारच. तसं होत नाही. दर आठवड्याला एक याप्रमाणं वीस घेतली, तरी एकही दोनशे न लागण्याची शक्यता 36 टक्के असते; 0.95 चा वीस वेळा गुणाकार करून बघा. बरं, एकाच सोडतीत 00 पासून 99 पर्यंत शेवट असलेली शंभरच्या शंभर तिकिटं घेतली तर? आता दोनशेचं बक्षीस नक्की, तेही पाच वेळा. हातात हजार रुपये, नशिबाचा काही संबंधच नाही. खिशातून गेले पाच हजार. स्टॉलवाले शून्य ते नऊ शेवटाचा "सेट" म्हणून जी दहा तिकिटं लावतात, ती याचीच छोटी आवृत्ती. काही ना काही लागल्यासारखं वाटतं, पण दर तिकिटाला तोटा तेवढाच राहतो.

भांडण ज्यावरून झालं ते आता. दोनशेच्या जागी चार तिकिटं घेतली, की तुम्ही दोनशे रुपये देऊन 74 रुपये किमतीचा माल घेता, 18.56 गुणिले चार. कायम असंच करत राहिलात तर? दर तिकिटाला सरासरी एक पंचमांश तिकीट फुकट मिळतं, त्यातून परत एक पंचमांश, असं करत तुमच्या एका पन्नासच्या नोटेवर सव्वा तिकीट खेळलं जातं. प्रत्येक तिकिटाचा तोटा 31.44 च, पण नोटेमागचा तोटा त्याच्या सव्वापट, 39.30. पन्नासमधले आठ रुपये नुसत्या "सुट्टे नाहीत"वर गेले! सोयाबीनच्या पट्टीत कुणी एवढी कटती लावली तर शेतकरी दुकान डोक्यावर घेईल. इथं लोक हसत हसत तिकिटं घेऊन जातात.

इथपर्यंत माझं मत होतं की सगळ्या सोडती सारख्याच. मग बंपरच्या, म्हणजे सणासुदीच्या मोठ्या सोडतीच्या, तिकिटामागचे बारीक अक्षरातले नियम वाचले. साध्या सोडतीत नंबर छापलेल्या सगळ्या तिकिटांतून निघतो. न विकलेल्या तिकिटाला पहिलं बक्षीस लागलं तर ते वाटलंच जात नाही. तिथं विक्री कमी झाली काय, जास्त झाली काय, तुमच्या तिकिटाच्या हिशेबात पैशाचा फरक पडत नाही. पण काही सोडतींत लिहिलेलं असतं की पहिलं बक्षीस विकलेल्या तिकिटांतूनच काढणार. वरचीच योजना घ्या आणि निम्मीच तिकिटं खपली असं धरा. पहिल्याची शक्यता साडेचार लाखांत एक होते, 5.56 चे 11.11 होतात आणि तोटा 25.89 वर येतो. म्हणजे "खप नाही हो यंदा" असं विकणारा कुरकुरत असेल, तर या प्रकारच्या तिकिटाला ती गिऱ्हाइकाच्या बाजूची बातमी. ही ओळ तिकिटावर नसेल तर बंपर हे नुसतं महाग तिकीट.

इन्कम टॅक्स धरला की हे समाधान थोडं उतरतं. लॉटरीच्या बक्षिसावर सरळ 30 टक्के, सेस वेगळा. 10 हजारांवरच्या बक्षिसातून आधीच कापून देतात. 50 लाखांचे 35 लाख धरले तर साध्या सोडतीत पहिल्या बक्षिसाचे 5.56 चे 3.89 होतात आणि तोटा 33.11. वर्षभर घेतलेल्या तिकिटांचा खर्च त्या बक्षिसातून वजा करता येत नाही, भाच्याला विचारलं, तो टॅक्सचं काम करतो, तो म्हणाला, "मामा, एक रुपयाही नाही."

तरीही हा तोटा कागदावरचा आहे, हातातला याहून मोठा. नऊ लाखांत एक तिकीट, आठवड्याला एक घेतलं तर सरासरी सतरा हजार वर्षं लागतील. दहा हजारांचंही दहा हजार तिकिटांत एकदा. ही दोन्ही बाजूला ठेवली तर उरतात हजार आणि दोनशेची बक्षिसं, मिळून 12 रुपये. माझ्यासारख्याला पन्नासमागे 38 चा खड्डा, आणि माझ्या वहीतली महिन्यांची बेरीजही साधारण तिथंच येते.

आठवड्याचं तिकीट बंद केलंय. दिवाळीचं एक घेणार, तेही मागची ती ओळ वाचून.