पासवर्ड कोणी ओळखला नव्हता, तरी पैसे गेले

वडोदऱ्यात रावपुऱ्यातील दोन-तीन दुकानांचे हिशेब मी लिहितो, त्यामुळे पैशांच्या बाबतीत आपण सावध आहोत असा माझा समज होता. फेब्रुवारीतील एका शनिवारी सकाळी मोबाइल उघडला, तर रात्रीतून चारशेहून अधिक ईमेल येऊन पडले होते. कुठल्या कुठल्या परदेशी दुकानांनी आणि बातमीपत्रांनी नोंदणीबद्दल माझे आभार मानले होते. कचरा समजून मी ते पुसायला घेतले आणि मध्येच दोन ओळखीचे ईमेल दिसले. ज्या ऑनलाइन दुकानातून आम्ही घरचे सामान मागवतो, तेथे माझ्या खात्यातून पहाटे ३ वाजून १२ मिनिटांनी प्रत्येकी ४,५०० रुपयांची दोन गिफ्ट व्हाउचर खरेदी झाली होती. परत केलेल्या एका यंत्राचे ९,२०० रुपये तेथील वॉलेटमध्ये पडून होते, त्यांतले २०० उरले. कार्डावरून खरेदी झाली असती तर ओटीपी लागला असता. वॉलेटला तो लागत नव्हता.

ग्राहक सेवेतील बाईंनी नोंद पाहून सांगितले की, पहिल्याच प्रयत्नात अचूक पासवर्ड टाकून प्रवेश झाला आहे, त्यामुळे दोष आमच्या बाजूचा नाही. मला हे पटेना. माझा पासवर्ड `Sursagar@1978` होता. तेरा अक्षरे, त्यात मोठे अक्षर, चिन्ह आणि आकडेही. तो मी कोणाला सांगितला नव्हता. संध्याकाळी भाचा आला. संगणकाच्या सुरक्षेचेच काम करतो तो. त्याने एकच विचारले, "मामा, हाच पासवर्ड आणखी कुठे आहे?" मी गप्प झालो, कारण तो जवळजवळ सगळीकडे होता.

२०१४ मध्ये जुन्या कॅमेऱ्यांच्या खरेदी-विक्रीच्या एका छोट्या संकेतस्थळावर मी खाते उघडले होते आणि नंतर ते विसरूनही गेलो होतो. त्याचा ग्राहकांचा साठा पुढे चोरीला गेला. संकेतस्थळे सहसा पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ पासवर्ड उलट काढता येऊ नये असे गणिताने बनवलेले रूप, ठेवतात, पण हॅशची पद्धत जुनी आणि कच्ची असेल, तर चोर अब्जावधी शब्द, नावे आणि सालांच्या जोड्या तपासून मूळ पासवर्ड काढतात. तलावाचे नाव आणि पुढे जन्मसाल, ही जोडी त्यात सापडायला वेळ लागत नाही. असे ईमेल आणि पासवर्ड जोडून याद्या तयार होतात, विकल्या जातात आणि एखादा प्रोग्राम त्या दुसऱ्याच संकेतस्थळांवर एकामागून एक वापरून पाहतो. यालाच क्रेडेन्शियल स्टफिंग म्हणतात.

पाच वेळा चुकल्यावर खाते बंद करणारी व्यवस्था इथे का उपयोगी पडत नाही, हे मला तेव्हा उमगले. प्रोग्राम माझ्या खात्यावर पासवर्ड अंदाजाने टाकत बसत नाही. प्रत्येक खात्यावर यादीतला एकच पासवर्ड एकदा टाकतो आणि पुढच्याकडे जातो, तेही वेगवेगळ्या इंटरनेट पत्त्यांवरून. चूक झाली तरी एकच होते. लाख खात्यांमागे काहीशे जुळली, तरी चोराचे भागते.

चारशे ईमेलचे कोडेही भाच्याने उलगडले. माझ्या मेलचाही पासवर्ड तोच होता, पण त्याने पूर्वीच तेथे दुसऱ्या टप्प्याची पडताळणी लावून दिली होती. मेलमध्ये शिरता आले असते तर चोराने खरेदीच्या सूचना परस्पर पुसल्या असत्या. शिरता आले नाही, म्हणून माझा ईमेल शेकडो ठिकाणी नोंदवून त्या सूचना ढिगाऱ्यात दडवल्या. त्यामुळे अचानक अनोळखी नोंदण्यांचा पूर आला, तर पुसण्याआधी त्यात आपल्या बँकेचे किंवा दुकानाचे नाव शोधावे. मला ते तासभर उशिरा दिसले. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली, पण व्हाउचर तोवर वापरली गेली होती.

आपला ईमेल कोणकोणत्या चोरीच्या साठ्यांत आहे हे दाखवणाऱ्या haveibeenpwned.com वर भाच्याने माझा ईमेल टाकला, तेव्हा कॅमेऱ्यांचे ते संकेतस्थळ यादीत निघाले. तेथे नाव न निघणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, कारण सगळ्याच चोऱ्या उघड होत नाहीत. मी लगेच `Sursagar@1979`, `Sursagar@1980` असे बदल करायला निघालो होतो. त्याने हात धरला. आकडा एकाने वाढवणे, शेवटी दुकानाचे नाव जोडणे, असले फेरफारही हे प्रोग्राम करून पाहतात. आम्ही आधी मेलचा, मग जिथे पैसे किंवा कार्ड साठवलेले आहे तिथले पासवर्ड बदलले, आणि प्रत्येक ठिकाणी 'सर्व उपकरणांतून बाहेर पडा' हेही दाबले, कारण काही ठिकाणी पासवर्ड बदलला तरी आधी शिरलेला माणूस आतच राहतो. नवे पासवर्ड आता पासवर्ड मॅनेजर हा प्रोग्राम तयार करतो आणि लक्षातही ठेवतो. सौभाग्यवतीला तो जमत नाही, म्हणून ती प्रत्येक खात्याचा वेगळा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवते. भाच्यालाही त्यात वावगे वाटत नाही. परदेशात बसलेल्या चोराचा हात दांडिया बाजारातल्या कपाटापर्यंत पोहोचत नाही.

मार्चमध्ये वीजबिल भरायच्या ॲपने चुकीच्या पासवर्डने प्रवेशाचा प्रयत्न झाल्याचे कळवले. एकच प्रयत्न होता, पहाटेचा.